गुडघ्याची प्रश्नावली: सकाळच्या बॅचला फायदा झालाच नाही, असं म्हणता येईल का?

उपवनकर

नमस्कार मंडळी. प्रश्न आकड्यांचा आहे, पण भांडण सोसायटीचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची सोसायटी आहे. ज्येष्ठांसाठी गुडघ्यांच्या व्यायामाचा १२ आठवड्यांचा वर्ग घेतला. एक फिजिओथेरपिस्ट ताई येतात. निम्मी फी सभासद भरतात, निम्मी सोसायटी. दोन बॅच आहेत. सकाळी येतात ती बहुतेक उपवनला फेऱ्या मारणारी, अधूनमधून येऊरला चढणारी मंडळी. संध्याकाळी ज्यांचे गुडघे खरंच कुरकुरतात ते.

ताईंनी सुरुवातीला आणि शेवटी ऑक्सफर्ड नी स्कोअरचा फॉर्म भरून घेतला. १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जितके जास्त गुण तितका गुडघा चांगला.

संध्याकाळची बॅच, १८ जण: सरासरी २२ वरून ३०.
सकाळची बॅच, २२ जण: सरासरी ४४.३ वरून ४६.२.

आमच्या खजिनदारांनी बैठकीत एवढंच वाचून दाखवलं. एकीकडे ८ गुणांची वाढ, दुसरीकडे जेमतेम २, म्हणून सकाळच्या बॅचची सवलत बंद करा. सकाळची मंडळी भडकली आहेत. त्यांचं म्हणणं, आम्हाला फरक जाणवतो. याच आकड्यांतून त्यांनाही फायदा झालाय हे दाखवता येईल का? पुढची बैठक रविवारी आहे.

कोपरीचा_पक्या

४८ पैकी ४४ गुण घेऊन व्यायामाच्या वर्गाला येतात म्हणजे ही मंडळी गुडघ्यासाठी नाही, नंतरच्या चहासाठी येतात. चहाचा स्कोअर घ्या.

निर्मला_नौपाडा

उपवनकर, गुडघ्यांना निर्गुडीचं तेल कोमट करून लावायला सांगा, रात्री झोपताना. माझी दोन्ही गुडघ्यांची तक्रार बरीच कमी झाली. जिना मात्र टाळायचा. ठाणे स्टेशनच्या पुलाला मी आता सरकत्या जिन्याशिवाय हात लावत नाही.

उपवनकर

निर्मलाताई, तेलाचं सांगतो त्यांना, पण माझा प्रश्न गुणांचा आहे. :)

आकडेमोड

सोपं आहे. सकाळच्यांना वर जायला जागाच कमी होती, म्हणून सरळ गुण मोजायचे नाहीत. उरलेल्या जागेपैकी किती टक्के मिळवली ते बघायचं. सकाळच्या बॅचला ४८ पर्यंत सरासरी ३.७ गुण बाकी होते, त्यांनी १.९ मिळवले. म्हणजे ५० टक्क्यांच्या वर. संध्याकाळच्यांना २६ बाकी होते, त्यांनी ८ मिळवले, म्हणजे ३१ टक्के. खजिनदारांना सांगा, खरा फायदा सकाळच्या बॅचलाच जास्त झाला. विषय संपला.

कोपरीचा_पक्या

याला म्हणतात खजिनदाराचीच वही उलटी धरून वाचणं. वाह!

मृण्मयी_नेरुळ

विषय संपला नाही. मी वैद्यकीय संशोधनातल्या प्रश्नावल्यांच्या आकडेवारीचं काम करते, आणि आकडेमोड यांनी केलेला भागाकार मला दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी प्रबंधात दिसतो. त्यावर लिहीनच. पण आधी उपवनकरांकडून दोन गोष्टी हव्यात.

एक, फॉर्म कुठला वापरला ते पक्कं करा. हा स्कोअर १९९८ साली आला तेव्हा गुण १२ ते ६० असे मोजायचे आणि ६० म्हणजे सगळ्यात वाईट. ० ते ४८ ची पद्धत नंतरची. इंटरनेटवर दोन्ही तरंगत असतात.

दोन, सरासरी नको, प्रत्येकाचे गुण द्या. नावं अर्थातच नकोत. वरच्या टोकाला किती माणसं गोळा झाली आहेत हे सरासरीत कधीच दिसत नाही.

उपवनकर

फॉर्म नवाच आहे, ० ते ४८, तपासलं.

सकाळच्या बॅचचे सुरुवातीचे गुण: ४८ चे ५ जण, ४७ चे ४, ४६ चे ३, ४५ चे २, ४४ चे २, ४३ चा एक, ४२ चा एक, ४० चे २, ३६ चा एक, ३० चा एक.

शेवटी: ४८ चे १० जण, ४७ चे ३, ४६ चे ३, ४५ चे ३, मग ४४, ४२ आणि ३७ चा प्रत्येकी एक.

आणखी एक. सुरुवातीला ४८ असलेल्या ५ जणांपैकी ३ तिथेच राहिले, एक ४७ वर आणि एक ४६ वर आला. खजिनदारांनी हेही बैठकीत वाचलं: "दोघांचे तर गुडघे बिघडले."

मृण्मयी_नेरुळ

धन्यवाद, आता बोलता येईल.

खजिनदारांची तुलना आधी घ्या. ते ८ आणि २ शेजारी ठेवतात. पण सकाळच्या बॅचमधल्या २२ च्या २२ जणांचे गुडघे जादूने विशीतल्या पोरासारखे झाले असते आणि सगळ्यांना ४८ मिळाले असते, तरी सरासरी वाढ ३.७ च्या वर गेली नसती. ८ हा आकडा त्यांना गाठताच येणार नव्हता. वर्ग सुरू व्हायच्या आधीच फॉर्मने निकाल लावून ठेवला होता. याला आमच्याकडे सीलिंग इफेक्ट म्हणतात. खालच्या टोकाला हेच घडलं की फ्लोअर इफेक्ट.

बॅच जरा उघडून बघा. ४० किंवा त्याखाली सुरू झालेले ४ जण आहेत. त्यांची सरासरी ३६.५ वरून ४२.५, म्हणजे ६ ने वाढली. उरलेल्या १८ जणांची वाढ बरोबर १. त्या १८ जणांना मिळून वर जायला ३५ गुण शिल्लक होते, म्हणजे डोक्यामागे २ सुद्धा नाहीत. "सकाळची बॅच" म्हणून जो एक आकडा फिरतोय तो या दोन अगदी वेगळ्या गटांची खिचडी आहे.

आता "दोघांचे गुडघे बिघडले" हे. ४८ वर असलेला माणूस पुढच्या वेळी एकतर ४८ वर राहतो नाहीतर खाली येतो, तिसरी शक्यताच नाही. प्रश्नावली भरताना एखाद-दोन गुणांची हालचाल सगळ्यांचीच होते. आदल्या दिवशी लग्नाला उभं राहावं लागलं, "कधीच नाही" च्या जागी "क्वचित" वर खूण केली, झाला एक गुण कमी. मध्ये असलेल्या लोकांत ही हालचाल वर-खाली दोन्हीकडे होते आणि सरासरीत विरते. टोकावरच्यांची फक्त खालीच होऊ शकते, म्हणून टोकावरच्या गटाची सरासरी काहीही न बिघडता घसरते. त्या दोघांबद्दल एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही.

खडूस_खजिनदार

मी दुसऱ्या सोसायटीचा खजिनदार, ठाणे पश्चिम. माझा मुद्दा ऐका. मोजता आलं नाही हे कबूल. पण मोजता न आलेल्या फायद्यासाठी लोकांच्या देखभाल शुल्कातून पैसे का द्यायचे? ४४ गुणवाल्याला सवलत आणि लिफ्ट दुरुस्तीला पैसे नाहीत, हे आमच्याकडेही चालतं.

मृण्मयी_नेरुळ

खडूस, तो निर्णय पैशांचा आहे आणि तुम्ही तो घेऊ शकता. फक्त "वर्गाचा फायदा झाला नाही असं सिद्ध झालं" हे कारण देऊन घेऊ नका, कारण तसं सिद्ध झालेलं नाही.

पण उपवनकर, तुमच्या बाजूनेही एक कडू गोष्ट. तुम्ही विचारलंत, याच आकड्यांतून सकाळच्यांचा फायदा दाखवता येईल का. नाही येणार. छताला डोकं लागलंय याचा अर्थ वर आणखी उंची लपली आहे असा होत नाही. कदाचित आहे, कदाचित नाही. ज्या १० जणांना शेवटी ४८ मिळाले त्यांतला एखादा येऊरच्या चढावर पूर्वीपेक्षा जोरात चालत असेल, एखाद्याचं काही बदललं नसेल, आणि एखाद्याचं थोडं कमीही झालं असेल. ही शेवटची शक्यता लोक विसरतात. रोज डोंगर चढणारी बाई चढणं सोडून सपाटीवर आली, तरी या फॉर्मवर आधी ४८ आणि नंतरही ४८. सुधारणा जशी लपते तशी घसरणही लपते.

आकडेमोड

माझ्या टक्केवारीचं काय? जागेच्या प्रमाणात मोजलं की अडचण सुटतेच ना.

मृण्मयी_नेरुळ

सुटत नाही, उलटी होते. ४७ वरून ४८ ला गेलेल्या काकांनी उरलेली १०० टक्के जागा मिळवली. २२ वरून ३५ ला गेलेल्या आजींनी ५० टक्के. काकांनी एका प्रश्नात एक खूण शेजारच्या रकान्यात केली. आजींच्या १३ गुणांत रात्रीची झोप, जिना, बाजारहाट असं बरंच काही आलं. तुमच्या हिशेबात काका दुप्पट बरे झाले. छत जितकं जवळ तितका छोटासा योगायोग मोठा दिसतो. आणि ४८ वर सुरू झालेल्या ५ जणांसाठी तर भागायला शून्य उरतं. त्यांना वगळावं लागेल, म्हणजे दोघांचे कमी झालेले गुणही गायब आणि टक्केवारी आणखी गोड. (तुम्ही बेरजेवर भागाकार केलात म्हणून हे दिसलं नाही, माणूसनिहाय करा, लगेच दिसेल.)

आकडेमोड

माणूसनिहाय करून पाहिलं. ठीक आहे, भागाकार मागे. पण मग टोबिट मॉडेल? ४८ च्या पुढचे गुण कापले गेलेत असं समजून खरा बदल अंदाजता येतो. अर्थमितीत सर्रास वापरतात.

मृण्मयी_नेरुळ

वापरतात. पण टोबिट ४८ च्या पलीकडे काय आहे ते मोजत नाही, ठरावीक आकाराचा वक्र तिकडे पुढे ओढतं. शेवटच्या मोजणीत २२ पैकी १० जण टोकावर आहेत, म्हणजे जवळजवळ अर्धा वक्र कल्पनेने काढायचा. मोठ्या अभ्यासात, टोकावर थोडे लोक असताना, मी ते वापरते. इथे ते उत्तर तुमच्या गृहीतकाचं असेल, सकाळच्या बॅचचं नाही.

आकडेमोड

गृहीतक कुठल्या मॉडेलमध्ये नसतं? सरासरी काढतानाही तुम्ही ४७ ते ४८ आणि २० ते २१ हे अंतर सारखंच धरता. मला अजूनही वाटतं, अंदाज त्याच्या अनिश्चिततेसकट द्यावा, हात वर करू नयेत.

मृण्मयी_नेरुळ

अंतराचा मुद्दा रास्त आहे, त्यावर मी भांडणार नाही. टोबिटवर आपलं जमणार नाही असं दिसतंय. :)

ऐरोलीकर

आमच्या कंपनीत (नाव नको) दर तिमाहीला ग्राहकांचा फीडबॅक असतो, १ ते ५. आमच्या टीमची सरासरी ४.८. साहेबांचं लक्ष्य: पुढच्या तिमाहीत ०.३ ची सुधारणा दाखवा. मी विचारलं, ५.१ कुठून आणू? म्हणाले, पॉझिटिव्ह विचार कर.

शेजारची टीम ३.२ वरून ३.९ झाली, त्यांना ढाल मिळाली. आम्ही ४.८ वरून ४.७ झालो, आमची चौकशी समिती.

कोपरीचा_पक्या

ऐरोलीकर, पुढच्या तिमाहीत मुद्दाम ३ वर या, मग ४ वर जा. ढाल नक्की. ट्रान्स हार्बरने जाताना आम्हालाही दाखवा.

खडूस_खजिनदार

पक्या, हसू नका, हे लोक खरंच करतात. सुरुवातीचा फॉर्म भरताना थोडं रडून भरायचं. सवलत मिळणार असेल तर आमच्याकडे सगळे ३० गुणांवरच सुरू होतील.

मृण्मयी_नेरुळ

ऐरोलीकर, तुमच्याकडे आणखी एक भर आहे. ४.८ मधले सगळे खरंच खूश आहेत, की ५ न दिल्यास फोन येतो म्हणून ५ देतात, हे टोकाच्या गर्दीवरून ओळखता येत नाही. दोन्ही कारणांनी गर्दी सारखीच दिसते.

सुहास_कळवा

मला हा धागा वाचून वेगळंच आठवलं. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत त्यांचा बार्थेल इंडेक्स काढायचे. तो ० ते १०० असतो. आधी ०, मग पुन्हा ०. फाइलवर "सुधारणा नाही" असं लिहिलं गेलं. पण आम्ही घरचे बघत होतो. आधी डोळे उघडत नव्हते, मग आवाज दिला की वळून बघायला लागले. उजव्या हाताची बोटं हलायला लागली. सांगितलं की जीभ बाहेर काढायचे. नर्सताईसुद्धा म्हणायच्या, काकांत फरक आहे. पण गुण शून्यच. नातेवाइकांपैकी काहींनी तर "आता घरी न्या" असं बोलायला सुरुवात केली, त्या शून्यामुळे. हा फ्लोअर इफेक्टच ना?

मृण्मयी_नेरुळ

हो, अगदी तोच, आणि त्याचे परिणाम सकाळच्या बॅचपेक्षा कितीतरी गंभीर.

बार्थेल १९६५ चा आहे. त्यात १० गोष्टी विचारतात: जेवण, आंघोळ, कपडे घालणं, शौच, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना वगैरे. गुण ५-५ च्या पायऱ्यांनी. म्हणजे एखादं अख्खं काम निदान कुणाच्या मदतीने जमायला लागलं तरच पहिले ५ मिळतात. आवाजाकडे वळणं, बोटं हलणं, सांगितलेलं समजणं यांना त्यात रकानाच नाही. त्या मोजपट्टीची पहिली रेघ तुमचे वडील होते तिच्या बरीच वर होती. त्या टप्प्यावर "०, मग पुन्हा ०" याचा अर्थ "अजून पहिल्या रेघेला पोचले नाहीत" एवढाच. "सुधारणा नाही" असा नाही.

अशा वेळी धड सावरून बसता येतं का, कुशीवर वळता येतं का, हे बघणारी ट्रंक कंट्रोल टेस्टसारखी खालच्या पातळीची चाचणी जोडीला घेतात. नाहीतर निदान फाइलवर काय काय नवीन दिसलं ते शब्दांत लिहितात. तेवढंही उपयोगी पडतं.

गंमत अशी की याच बार्थेलला वर छतही आहे. १०० गुण मिळालेला माणूस घरात स्वतःचं सगळं करतो, पण स्वयंपाक, बाजार, बँकेचे व्यवहार, एकट्याने लोकल पकडणं यातलं काही त्यात विचारलेलंच नाही. १०० म्हणजे "पूर्ण बरा" नाही.

सुहास_कळवा

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर घरातली बरीच भांडणं टळली असती. वडील आता काठी घेऊन खाली गेटपर्यंत जातात. गुण किती ते विचारायचं मी सोडून दिलं.

निर्मला_नौपाडा

सुहास, वाचून बरं वाटलं.

उपवनकर, तुमचा फॉर्म शोधून मी स्वतः भरला हो. मला ४५ मिळाले! म्हणजे माझे गुडघे छान आहेत म्हणे. पण मला मांडी घालता येत नाही. पूजेला पाटावर बसता येत नाही, भाजी निवडायला खाली बसले तर उठवायला सून लागते. गावी गेलं की शौचालयाची पंचाईत. यातलं एकही त्या फॉर्मने विचारलं नाही. गुडघ्यावर टेकता येतं का एवढंच विचारलं, तिथेच माझे ३ गुण गेले.

फिजिओ_खारघर

निर्मलाताईंनी मर्मावर बोट ठेवलंय. मी खारघरला प्रॅक्टिस करतो. हा स्कोअर ऑक्सफर्डमध्ये सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी बनला. शस्त्रक्रियेआधी त्या रुग्णांची अवस्था बरीच वाईट असते, त्यामुळे प्रश्नही त्या पातळीचे: अंग धुताना-पुसताना त्रास होतो का, गाडीत किंवा बसमध्ये चढता-उतरता येतं का, जेवून खुर्चीवरून उठताना किती दुखतं, रात्री दुखतं का, एक जिना उतरता येतो का. रोज उपवनला फेऱ्या मारणाऱ्याला यातलं सगळं येतंच. उकिडवं बसणं, मांडी, हात न टेकता जमिनीवरून उठणं हे त्यात नाही. गुडघे टेकून उठण्याचा एक प्रश्न तेवढा कठीण आहे, आणि चांगल्या गुडघ्यांच्या लोकांचे गुण बहुतेक तिथेच जातात.

म्हणून उपवनकरांना माझा सल्ला: एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि ४४ ते ४७ वाल्यांचे गुण कुठल्या प्रश्नात गेले होते ते बघा. माझा अंदाज, बरेचसे त्या एकाच प्रश्नात सापडतील. तसं असेल तर त्या लोकांसाठी तुमची १२ प्रश्नांची प्रश्नावली खरं तर एका प्रश्नाची होती.

उपवनकर

फिजिओ_खारघर, आत्ताच फॉर्म काढून बघितले. ४४ ते ४७ मधल्या ११ जणांपैकी ८ जणांचे सगळेच्या सगळे गेलेले गुण गुडघे टेकण्याच्या प्रश्नातले आहेत.

आणि विचारायचं राहिलं: किती टक्के लोक टोकावर असले की सीलिंग म्हणायचं याचा काही नियम आहे का? बैठकीत रेघ दाखवली की लोक ऐकतात.

मृण्मयी_नेरुळ

११ पैकी ८? हे बैठकीत पहिलं सांगा.

रेघ आहे, १५ टक्क्यांची. सगळ्यात वरचे किंवा सगळ्यात खालचे गुण १५ टक्क्यांहून जास्त लोकांना मिळाले तर सीलिंग किंवा फ्लोअर आहे असं धरतात. मॅक्हॉर्नी आणि टार्लोव्ह यांच्या १९९५ च्या लेखातून ती आली आणि टर्वी व सहकाऱ्यांच्या २००७ च्या लेखामुळे सगळीकडे पसरली. तुमच्याकडे सुरुवातीलाच २२ पैकी ५, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. शेवटी ४५ टक्के. रेघ ओलांडली.

पण मला ती रेघ फारशी आवडत नाही, कारण ती फक्त अगदी ४८ वाल्यांना मोजते. ४६ वाला तिच्या लेखी मोकळा आहे. प्रत्यक्षात तोही अडकलेलाच आहे. या स्कोअरवर कमीत कमी किती बदल झाला तर तो दखल घेण्याजोगा मानायचा, याचे आकडे शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरून काढलेले आहेत. दोन गटांची तुलना असेल तर सुमारे ५ गुण, एकाच गटाचा आधी-नंतरचा बदल असेल तर सुमारे ९. सौम्य, ५ चाच आकडा धरू. ५ गुण वाढायला सुरुवात ४३ किंवा त्याखाली हवी. तुमच्या २२ पैकी १६ जण ४३ च्या वर होते. ते कितीही सुधारले तरी "दखल घेण्याजोगी सुधारणा" या रकान्यात जाऊच शकत नव्हते. उद्या कुणी बैठकीत "किती टक्के लोक सुधारले" असा तक्ता मांडला तर त्या १६ जणांना आधीच नापास धरलंय हे विचारा.

खडूस_खजिनदार

मृण्मयीताई, पटतंय, पण मग संध्याकाळच्या बॅचचे ८ तरी खरे ना? का तेही हवेत?

मृण्मयी_नेरुळ

चांगलं विचारलंत. ते मोजपट्टीच्या मधल्या भागात आहेत, म्हणून छताचा त्रास त्यांना नाही. दुसरा आहे. माणूस वर्गाला नाव घालतो ते दुखणं जोरात असतं तेव्हा. पुढच्या तीन महिन्यांत त्यातलं काही आपोआप उतरतं, वर्गाला आला काय, न आला काय. ८ मधले किती व्यायामाचे आणि किती असे उतरलेले, हे वर्ग न केलेला तसाच गट जोडीला असल्याशिवाय सांगता येत नाही. सकाळच्यांतल्या ४० किंवा त्याखालच्या ४ जणांच्या ६ गुणांनाही हेच लागू. म्हणजे तुलनेतला एक आकडा दाबलेला आहे आणि दुसरा बहुधा थोडा फुगलेला.

आकडेमोड

आणि तरी ताई, तुम्ही म्हणता निष्कर्ष काढू नका. समितीला निष्कर्ष हवाय. रविवारी.

कोपरीचा_पक्या

समितीला निष्कर्ष आधीच मिळालाय, त्यांना फक्त आकडे हवेत.

फिजिओ_खारघर

पुढच्या १२ आठवड्यांसाठी वेगळं मोजा, एवढं तरी ठरवून घ्या. सकाळच्या बॅचला ३० सेकंदांची चेअर स्टँड टेस्ट द्या: खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं, ३० सेकंदांत किती वेळा. इथे "पैकीच्या पैकी" नाही. १४ वेळा करणारा १८ वर जाऊ शकतो आणि १८ वाला १३ वर आला तर तेही दिसतं. शिवाय गुडघा आणि मांडीचे स्नायू, जे वर्गात खरंच कमावले जातात, तेच यात कामाला लागतात.

संध्याकाळच्यांना फक्त हीच चाचणी देऊ नका. यात हात टेकून उठलं तर गुण शून्य. ज्यांचे गुडघे वाईट आहेत त्यांतले काही सुरुवातीला शून्यावर असतील, आणि आधी दोन्ही हातांनी रेटून उठणारा नंतर एका बोटाच्या आधाराने उठला तरी शून्यच राहील. सुहासच्या वडिलांसारखी गत. त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड स्कोअर ठीक आहे. दोन्ही बॅचना दोन्ही द्या आणि प्रत्येकाचं त्याच्या पातळीला हलणारं माप बघा. पण मग दोन बॅचची एकमेकांशी तुलना एका आकड्यात होणार नाही, हे समितीला आधीच सांगून ठेवा.

निर्मला_नौपाडा

आणि मांडीचा प्रश्न घाला की. "जमिनीवर मांडी घालून जेवता येतं का?" आमच्यासाठी तोच खरा.

मृण्मयी_नेरुळ

घाला, पण त्याचे गुण ४८ मध्ये मिसळू नका, वेगळा ठेवा. बेरीज ५२ वर नेलीत तर जुन्या मोजणीशीही जुळणार नाही आणि इतर कुणाच्या आकड्यांशीही. शिवाय "सहज, थोडं दुखून, आधार घेऊन, अजिबात नाही" अशा पायऱ्या ठेवा. नुसतं हो-नाही विचारलंत तर महिनाभरात त्यालाही छत आणि जमीन दोन्ही येतील.

उपवनकर

रविवारी हे मांडणार: ३.७ चा हिशेब, ११ पैकी ८ चा हिशेब, आणि सवलतीचा निर्णय पुढच्या मोजणीपर्यंत थांबवायची विनंती. फायदा सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, सकाळची मंडळी नाराज होतील बहुधा. ताई चेअर स्टँडला तयार आहेत. क्लब हाऊसच्या प्लास्टिकच्या खुर्च्या चालतील का? त्यांना हात आहेत.

फिजिओ_खारघर

हात नसलेली हवी, आणि बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर. मागून भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर घडी. सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या आणि शेवटच्या मोजणीला तीच खुर्ची. बुटकी खुर्ची घेतलीत तर उठणं जड जातं आणि सगळा फरक खुर्चीचाच निघेल.

खडूस_खजिनदार

हात नसलेल्या खुर्च्यांचा खर्च कुठल्या खात्यात टाकणार?